दुखरा पाय आणि दुबळा पाय

"मागचे पाय गेले हो याचे." इंदूरच्या एका जनावरांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं कुत्री धरून ठेवायचं काम केलं, आणि हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा गेला नाही. रामबागेतल्या काकू मराठीत म्हणायच्या, सुदामानगरचे भैया हिंदीत. त्यानंतर निम्मे लोक स्वतःच निदान सांगून मोकळे व्हायचे: कुणी "गठिया", कुणी "लकवा". गठियावाल्याचा कुत्रा नसांनी अधू निघायचा आणि लकवावाल्याचा नुसता सांधेदुखीने बसून असायचा, असं इतक्यांदा झालं की शेवटी मी टेबलावर कुत्रा चढवायच्या आधीच त्याच्या नखांकडे बघायला लागलो.

सांध्यांची झीज म्हणजे काय ते मी फार सांगत बसत नाही, घरोघरी आजीचे गुडघे आहेत. सांध्यातली कुर्चा झिजते, सांधा सुजतो, हलवला की दुखतो. म्हाताऱ्या कुत्र्यात कंबरेचा खुबा, गुडघा आणि पुढच्या पायाचं कोपर हे नेहमीचे बळी. कुत्रा दुखतं म्हणून रडत मात्र नाही. "कण्हत नाही, म्हणजे दुखत नसेल" असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो: आजी दिवसभर कण्हते का? ती जिना टाळते. कुत्राही तेच करतो.

दुबळा पाय हा प्रकार निराळा. तिथे सांधा धड असू शकतो. मेंदूकडून पायाकडे जाणारा निरोप पाठीच्या कण्यात अडकतो. म्हाताऱ्या जर्मन शेफर्डमध्ये कण्यातली मज्जारज्जू हळूहळू झिजत जाण्याचा एक आजार असतो. तो साधारण आठ वर्षांपुढे सुरू होतो, आधी एका मागच्या पायात, मग दुसऱ्यात, आणि तो दुखत नाही. दुखत नाही, हेच लोकांच्या गळी उतरत नाही. कुत्रा लडखडतो म्हणजे दुखत असणार, असं धरून वेदनाशामक गोळ्या चालू होतात आणि पोट बिघडतं, चाल तशीच राहते.

दोघांचं वेगळेपण दाखवायला मला दोन कुत्रे आठवतात. मोती हा १२ वर्षांचा लॅब्रॅडोर, वजन ३८ किलो. शेरा हा १० वर्षांचा जर्मन शेफर्ड, अंगाने सडसडीत. दोघांच्या घरी तीच चकचकीत टाइल्सची फरशी आणि तक्रारही एकच: उठताना मागचे पाय फाकतात आणि धपकन बसतो.

मोती सकाळी उठताना दोनदा प्रयत्न करायचा, पहिली पाच-दहा पावलं लाकडी चालायचा आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाताजाता सैल व्हायचा. माळव्यातल्या डिसेंबरच्या पहाटे त्याचे हाल जास्त. रविवारी पाहुण्यांच्या मुलांबरोबर चेंडूमागे पळाला की सोमवारी अंग धरायचा. डावं गुडघं चाटून चाटून तिथले केस तांबूस झाले होते. शेराचं उलट. तो उठला की लगेच चालायला तयार, पण जितकं चालेल तितका ढासळायचा. सिमेंटच्या रस्त्यावर त्याच्या मागच्या पायाचा खर्र-खर्र आवाज यायचा. वळताना मागचे पाय एकमेकांत अडकायचे आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलीच तक्रार नसायची. चालून सैल होतो तो बहुधा दुखरा, चालून ढासळतो तो बहुधा दुबळा. "बहुधा" म्हणतोय, कारण फार चालवलं तर मोतीही लंगडायचा.

म्हणून नखं बघा. दुबळ्या कुत्र्याचं पाऊल पूर्ण उचललं जात नाही, रस्त्यावर घासतं, आणि मागच्या पायाची मधली दोन नखं वरच्या बाजूने झिजून बोथट होतात, कधी रक्ताळतातही. शेराची तशी होती. मोतीची नखं उलट वाढलेली होती, कारण चालणंच कमी झालं होतं. वाढलेली नखं टाइल्सवर टेकली की पावलाची गादी नीट टेकत नाही आणि कुत्रा आणखी घसरतो. लोक दोघांचीही नखं न बघता "घसरतो" एवढंच सांगतात.

आता खरी परीक्षा. ही डॉक्टर करतात, पण घरीही बघता येते. कुत्र्याला न घसरणाऱ्या चटईवर उभा करा. एका हाताने पोटाखालून त्याचं वजन तोला. हे विसरू नका, नाहीतर दुखरा कुत्रा तुमच्यावरच वसकन येईल. दुसऱ्या हाताने मागचं एक पाऊल हळूच उलटं करा, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला टेकेल. धड कुत्रा ते तत्क्षणी सरळ करतो. सांधे दुखणारा कुत्राही सरळ करतो, कारण पाऊल कसं पडलंय हे त्याला कळतंय. कण्यात बिघाड असलेला कुत्रा ते तसंच ठेवून उभा राहतो, जणू पाऊल दुसऱ्या कुणाचं आहे. दोन्ही पाय तपासा, प्रत्येक दोन-तीनदा. मोतीने दोन्ही पाय झटकन फिरवले. शेराने उजवा पाय उलटाच ठेवला आणि शेपूट हलवत माझ्याकडे बघत राहिला.

याने एवढंच कळतं की नसांमध्ये काहीतरी आहे. काय आहे, ते कळत नाही. झिजणारी मज्जारज्जू असेल, कंबरेत दबलेली नस असेल (ती दुखतेसुद्धा), मणक्यातली गादी सरकलेली असेल. ते डॉक्टर तपासून, एक्स-रे किंवा त्यापुढच्या तपासण्या करून ठरवतात. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे. अवघड केस असेल तर तिकडे जायला कंटाळू नका. आणि लंगडण्याबरोबर ताप असेल, पाय आलटून पालटून दुखत असतील, तर आधी रक्त तपासा. आपल्याकडे गोचिडाच्या तापानेही सांधे सुजतात आणि त्याला म्हातारपण म्हणून सोडून दिलं जातं.

मोतीला डॉक्टरांनी आधी मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी करून मग कुत्र्यांसाठीचं सूज उतरवणारं वेदनाशामक वजनाप्रमाणे दोन आठवडे दिलं, जेवणाबरोबर. सुरू करायच्या आधी आणि चौदाव्या दिवशी, एकाच पायरीवर चढतानाचा व्हिडिओ काढायला सांगितला. फरक डोळ्यांना दिसला, म्हणजे दुखत होतं. औषधाची परीक्षा अशी घ्यायची असते, "जरा बरा वाटतोय" अशी नाही. शेराला त्याच औषधाने काही फरक पडला नसता. त्याला रोज थोडं थोडं, थकू न देता चालणं आणि पायांचे व्यायाम होते.

औषधाबद्दल माझे तीन राग आहेत. पहिला घरच्या औषधाच्या डब्यावर: माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक "अर्धी देऊन बघितली" असं म्हणणाऱ्यांची कुत्री काळी शी आणि उलट्या घेऊन यायची. पॅरासिटामॉलही मनाने नाही. डॉक्टरांच्या औषधावरसुद्धा उलटी झाली, जेवण सुटलं किंवा शी काळी झाली तर गोळी थांबवून फोन करायचा. आणि आधी कुणी स्टेरॉइड दिलं असेल तर ते सांगायचंच, दोन्ही एकत्र चालत नाहीत. दुसरा राग कॅल्शियमच्या सिरपवर. झिजलेल्या कुर्चेला कॅल्शियमने काहीही होत नाही. ती बाटली मालकाच्या समाधानासाठी असते. तिसरा बामवर, जो कुत्रा पाच मिनिटांत चाटून टाकतो. एक मात्र कमी लोकांना ठाऊक असतं: दुखण्यासाठी डॉक्टर कधीकधी गॅबापेन्टिन देतात, त्याने सुरुवातीला कुत्रा डुलतो. मोती दोन दिवस शेरासारखा चालला आणि घरचे घाबरले. डॉक्टरांना सांगून डोस कमी केल्यावर तो सावरला.

पकड देणारी फरशी दोघांनाही हवी, पण सारखी नाही. सतरंजी टाइल्सवर टाकणं म्हणजे कुत्र्याला घसरगुंडी देणं. खाली रबर असलेल्या लांब पट्ट्या घ्या आणि अंथरूण, पाण्याचं भांडं आणि दार यांना जोडणारी सलग वाट करा. मध्ये एक फूट टाइल उघडी राहिली तर कुत्रा नेमका तिथेच अडतो. मोतीला रबराच्या पाठीचा काथ्या चालला. शेराला तो चालला नाही, कारण घासणारं पाऊल काथ्यात अडकून वरून सोलवटायचं. त्याला गुळगुळीत पण पकड देणारं रबर लागलं. पायमोजे मला मुळीच आवडत नाहीत. कुत्रा नखांनी पकड घेतो आणि मोजा तीच झाकतो, वर तो फिरून उलटा होतो. नखं कापा, पावलांच्या गाद्यांमधले केस छाटा, आधी तेवढं करा.

उताराचं गणित सोपं: उंचीच्या तिप्पट लांबी. मोतीच्या ओट्याची उंची ४५ सेंटिमीटर होती, म्हणून फळी १३५ सेंटिमीटरची केली, रुंदी ५०, वर पकडीची चटई चिकटवलेली. त्याने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, मग फळी जमिनीवर सपाट ठेवून तिच्यावर चालवलं, मग थोडी थोडी उचलली. सुतार हौसेने आडव्या पट्ट्या ठोकतो. मोतीला त्या खपल्या, शेराचं पाऊल प्रत्येक पट्टीला अडखळलं असतं. त्याच्या फळीला पट्ट्या नाहीत आणि दोन्ही बाजूंना अर्धा फूट कठडा, कारण मागचं अंग कुठे चाललंय ते त्याला कळत नाही. मोतीची फळी उन्हाळ्यात दुपारी सावलीत ओढायची, इंदूरच्या मे महिन्यात ती पाऊल भाजते.

वजन मोतीचं ३८ वरून ३४ झालं, मुख्यतः चहाबरोबरची बिस्किटं आणि उरलेल्या पोळ्या बंद करून. शेराला वजन उतरवायचं नव्हतं, जपायचं होतं, मांड्या आधीच बारीक झाल्या होत्या.

कुत्रा कालपर्यंत ठीक होता आणि आज अचानक मागचे पाय टाकत नाही, किंवा लघवी थेंब थेंब गळतेय, तर वरचं काहीच वाचत बसू नका. त्याला एका फळीवर सरळ ठेवून त्याच दिवशी घेऊन जा. मणक्याच्या गादीच्या केसमध्ये तासांनाही किंमत असते.

बाकी वेळी डॉक्टरांकडे जाताना तीन छोटे व्हिडिओ न्या: झोपेतून उठताना, मागून चालताना आणि बाजूने चालताना. दवाखान्यात कुत्रा भीतीने ताठ होतो आणि दुखणं लपवतो. व्हिडिओ सिमेंटवर घ्या आणि आवाज बंद करू नका, गवतावर तो खर्र-खर्र आवाज येत नाही.