ओल्या मातीतला भोपळा दुपारी का माना टाकतो?

एप्रिलमधली दुपार. भोपळ्याच्या वेलाला सकाळीच भरपूर पाणी दिलंय, माती अजून ओली आहे, तरी पानं छत्री मिटावी तशी खाली लोंबतायत. संध्याकाळी तीच पानं पुन्हा ताठ. पाणी होतं, मग कमी कुठे पडलं?

जलविभव, म्हणजे वॉटर पोटेन्शियल, हे पाणी एका जागेहून दुसरीकडे जायला किती तयार आहे याचं माप; पाणी नेहमी जास्त जलविभवाकडून कमीकडे जातं. शुद्ध पाण्याचं जलविभव शून्य धरतात, त्यामुळे झाडातले आकडे बहुतेक ऋण असतात. मेगापास्कलमध्ये मोजलं तर ओली माती साधारण -0.03 असते आणि 35 अंशांची, 30 टक्के आर्द्रतेची हवा जवळपास -170! पान या दोघांच्या मधे अडकलेलं असतं. ओढ हवेची; झाड त्यासाठी स्वतःची ऊर्जा जवळजवळ खर्च करतच नाही.

आता पानातली एक पेशी घेऊ. तिच्या जलविभवाचं, म्हणजे Ψ चं, सूत्र सोपं आहे:

Ψ = Ψs + Ψp

Ψs हा विरघळलेल्या क्षारांचा आणि साखरेचा वाटा, तो ऋण. Ψp हा पेशीभित्तीवर आतून पडणारा दाब, पान ताठ ठेवणारा. समजा Ψs आहे -1.2. सकाळी पानाचं Ψ -0.4 असेल, तर दाब 0.8; पान ताठ. दुपारी बाष्पोच्छ्वास वाढतो, मुळांकडून येणारं पाणी त्या वेगाला पुरत नाही आणि Ψ -1.2 वर उतरतं. दाब शून्य, पान लोंबलं. (पाणी गेल्याने पेशीरस थोडा दाटही होतो, तो हिशेब इथे सोडलाय.)

मग पर्णरंध्रं सरळ बंद का होत नाहीत? होतात, पण झाडाला ते महागात पडतं. रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडलं की पाणीही त्यामागे जातं, पेशी ढिल्या पडतात आणि छिद्र मिटतं. पाणी कमी पडू लागलं की अ‍ॅब्सिसिक आम्ल हे झाडाचं संप्रेरक हाच आदेश देतं. पण कार्बन डायऑक्साइडचा मुख्य दरवाजाही तोच. तो मिटला की प्रकाशसंश्लेषण मंदावतं. म्हणून भोपळा थोडं कोमेजणं पत्करतो. रात्री रंध्रं बहुतांशी मिटतात, मुळं तूट भरून काढतात आणि पहाटे पानाचं जलविभव मातीच्या जवळ येतं.

तेव्हा वेलाची परीक्षा दुपारी नको, पहाटे करा. पहाटेही पान लोंबलेलं असेल, तर आधी मातीत बोट घालून बघा. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर दोष मुळांत किंवा खोडातल्या जलवाहिन्यांत असण्याची शक्यता जास्त: मर रोग, कुजलेली मुळं, नाहीतर जास्त खतामुळे वाढलेले क्षार, जे मातीचंच जलविभव खाली ओढतात. कुजलेल्या मुळांवर आणखी पाणी ओतलं तर मातीतली हवा निघून जाते, मुळांचा श्वास कोंडतो आणि ती आणखीच कमी पाणी घेतात.