ॲपमधील बॅनर आणि पुश सूचना यांतील निवड

मोबाइल ॲपला वापरकर्त्यापर्यंत एखादी गोष्ट पोचवायची असेल तर मुख्यतः दोन मार्ग असतात. पुश सूचना ॲप बंद असतानाही फोनवर येते. आवाज, कंप किंवा लॉक स्क्रीनवरची ओळ यांमुळे ती माणसाचे लक्ष हातातल्या कामावरून हटवते. बॅनर म्हणजे ॲप उघडल्यावर त्याच्याच पडद्यावर दिसणारी पट्टी. माणूस स्वतःहून येईपर्यंत ती थांबून राहते. किरकोळ बदलांसाठी कोणाचे काम मोडू नये आणि निकडीची गोष्ट मात्र वेळेवर कळावी, यासाठी या दोहोंतून निवड करावी लागते.

संज्ञा. ‘बॅनर’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यातून बराच घोटाळा होतो. 1994 पासून तो संकेतस्थळावरच्या जाहिरातीच्या पट्टीला लावला जातो. 2011 मध्ये आयओएस 5 आले तेव्हा ॲपलने तोच शब्द पडद्याच्या वरच्या कडेला क्षणभर उतरणाऱ्या पुश सूचनेसाठी घेतला. म्हणजे ॲपलच्या परिभाषेत बॅनर हे पुश सूचनेचेच एक रूप ठरते. या नोंदीत मात्र तो तिसऱ्या अर्थाने, ॲपने स्वतःच्या पडद्यात काढलेली पट्टी या अर्थाने, वापरला आहे. नव्या गटात काम सुरू करताना हा अर्थ आधी नक्की करून घ्यावा. नाहीतर रचनाकाराने पट्टी म्हणून काढलेली गोष्ट प्रोग्रामर पुश सूचना म्हणून बांधतो. ‘नोटिफिकेशन’साठी मराठीत ‘अधिसूचना’ असेही लिहिले जाते, पण तो शब्द शासकीय राजपत्राशी जोडलेला असल्याने ‘सूचना’ अधिक बरा.

‘पुश’ कुठून सुरू झाले याबद्दल एकमत नाही. काही जण 1995 च्या सुमारास नेटस्केप ब्राउझरमध्ये आलेल्या ‘सर्व्हर पुश’कडे आणि 1996 मधल्या पॉइंटकास्ट या बातम्या पुरवणाऱ्या सेवेकडे बोट दाखवतात, तर काही जण 1999 नंतरच्या ब्लॅकबेरी उपकरणांवरच्या ई-मेलकडे. आजचा अर्थ या दोहोंपेक्षा अरुंद आहे: ॲप चालू नसताना फोन बनवणाऱ्याच्या किंवा त्याची प्रणाली पुरवणाऱ्याच्या मध्यवर्ती सेवेमार्फत आलेला निरोप. या अर्थाने ॲपलच्या सेवेपासून सुरुवात धरणे सयुक्तिक वाटते. ती जून 2008 मध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात येणार होती, पण प्रत्यक्षात जून 2009 मध्ये आयफोन ओएस 3.0 बरोबर आली. तिचा मूळ हेतू लक्ष वेधण्याचा नव्हता. प्रत्येक ॲप पडद्यामागे चालू राहिले तर बॅटरी संपते, म्हणून सगळ्यांसाठी मिळून एकच जोडणी उघडी ठेवावी, हा विचार तिच्यामागे होता. अँड्रॉइडवर अशी सेवा 2010 मध्ये आली. आज तिथे फायरबेस क्लाउड मेसेजिंग वापरतात.

देवनागरी मजकुराबाबत एक तपशील इथेच नोंदवायला हवा. सुरुवातीला ॲपलच्या सेवेत संपूर्ण निरोपाला 256 बाइटची मर्यादा होती. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेते, त्यामुळे मराठीत जेमतेम 85 चिन्हे मावत आणि त्यातूनही निरोपाच्या वेष्टनाची जागा वजा होई. आता मर्यादा 4096 बाइट आहे. तरीही सर्व्हर अक्षरे `\u092e` अशा रूपात लिहीत असेल तर प्रत्येक चिन्हाला 6 बाइट लागतात. इंग्रजी निरोप जातो आणि त्याच आशयाचा लांब मराठी निरोप `PayloadTooLarge` म्हणून परत येतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

निवडीची कसोटी. बातमी महत्त्वाची आहे का, हा प्रश्न पाठवणाऱ्याला फारसा उपयोगी पडत नाही, कारण आपले काम प्रत्येकाला महत्त्वाचेच वाटते. त्याऐवजी दोन अवधींची तुलना करावी. एक म्हणजे बातमीचे आयुष्य, म्हणजे ती कळून काही करता येईल असा काळ. दुसरा म्हणजे वापरकर्ता सहसा किती तासांनी ॲप उघडतो तो काळ. हा दुसरा अवधी काढताना सरासरी घेऊ नये. गेल्या महिन्याच्या नोंदींवरून दहांपैकी नऊ जण किती तासांत परत येतात ते पाहावे. बातमीचे आयुष्य त्याहून मोठे असेल तर बॅनर पुरतो. लहान असेल आणि कळल्यावर त्या माणसाला काही करता येणार असेल तरच पुश पाठवावी.

या कसोटीचा आग्रह धरण्याचे कारण परवानगीच्या रचनेत आहे. आयफोनवर परवानगीची खिडकी ॲपला एकदाच दाखवता येते. एकदा नकार मिळाला की पुढे फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊनच तो बदलावा लागतो. अँड्रॉइड 13 (2022) पासून नव्याने घेतलेल्या ॲपच्या सूचना मुळात बंद असतात, आणि दोनदा नकार दिल्यावर खिडकी पुन्हा येत नाही. त्यातून आयफोनवर ॲपच्या सूचनांचे प्रकार वेगळे काढून त्यांतला एकच बंद करण्याची सोय प्रणाली देत नाही. ‘नवी रंगसंगती पाहा’ या सूचनेने वैतागलेला माणूस सूचना बंद करतो, तेव्हा ‘तुमची गाडी रद्द’ ही सूचनाही तिच्याबरोबर जाते. किरकोळ पुशची किंमत अशी निकडीच्या पुशला मोजावी लागते.

एक उदाहरण. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर देखभालीसाठी अनेकदा रविवारी मेगाब्लॉक असतो आणि तो एक-दोन दिवस आधी जाहीर होतो. लोकलचे वेळापत्रक दाखवणाऱ्या एका ॲपकडे शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत आणि सोमवारी तिसरीची भर पडते असे समजू.

पहिली, ॲपला गडद रंगसंगती आली आहे. हिचे आयुष्य कित्येक आठवड्यांचे आहे, त्यामुळे पुशचा प्रश्नच येत नाही. बॅनरही नको, सेटिंग्जच्या चिन्हावर एक ठिपका पुरेल.

दुसरी, रविवारी सकाळी 11 पासून ब्लॉक आहे. हाताशी 41 तास आहेत आणि रोज प्रवास करणारा माणूस तेवढ्यात एकदा तरी ॲप उघडतो. म्हणून लगेच बॅनर लावावा, तोही त्याच मार्गावर गेल्या चार रविवारी गाड्या पाहिलेल्यांनाच. असे 10,000 जण आहेत आणि शनिवारी संध्याकाळी 7 पर्यंत 7,400 जणांनी बॅनर पाहिला असे धरू. उरलेल्या 2,600 जणांना आवाज न करणारी पुश पाठवावी. बाकीच्यांना पुन्हा काही पाठवायचे नाही. यासाठी बॅनर ‘दिसला’ ही नोंद सर्व्हरवर हवी, आणि पट्टी किमान एक-दोन सेकंद पडद्यावर राहिली तरच ती नोंद करावी. आयफोनसाठी ही मूक पुश अशी असते:

```json
{
  "aps": {
    "alert": {
      "title": "उद्या मेगाब्लॉक",
      "body": "सकाळी 11 पासून. बदललेल्या गाड्या पाहा."
    },
    "interruption-level": "passive"
  }
}
```

`passive` ही पातळी आयओएस 15 (2021) पासून आहे. अशी सूचना पडदा न उजळवता आणि आवाज न करता यादीत जाऊन बसते. अँड्रॉइडवर ॲप आपल्या सूचनांचे प्रकार वेगवेगळ्या चॅनेलमध्ये विभागते; असा निरोप तिथे `IMPORTANCE_LOW` पातळीच्या चॅनेलमधून पाठवतात.

तिसरी गोष्ट सोमवारी सकाळी 7:50 ला कळते: माणसाने जतन केलेली 8:14 ची गाडी रद्द झाली आहे. आयुष्य 24 मिनिटे आणि पर्याय हाताशी, म्हणजे आधीची गाडी पकडणे किंवा थोडे उशिरा निघणे. इथे पुशच हवी, आणि आवाजासह. आयफोनवर `time-sensitive` पातळी घ्यावी, म्हणजे सूचना रोखून धरणारा फोकस चालू असला तरी, माणसाने तशी मुभा ठेवली असल्यास, ती पुढे येते. मुदतही घालावी. फायरबेसमध्ये `"ttl": "1500s"` म्हणजे 25 मिनिटे. ॲपलकडे `apns-expiration` मध्ये मुदत संपण्याची वेळ द्यावी लागते.

काय बिघडते. मुदत न घालणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. फायरबेस निरोप मुळात चार आठवडे सांभाळून ठेवते. फोन तीन दिवस बंद होता, गुरुवारी चालू केला आणि ‘8:14 रद्द’ असे वाजले, तर त्या दिवशी धावणारी गाडी माणूस सोडून देईल. अशी चूक ज्याच्या वाट्याला आली तो पुढच्या सूचनेवर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याचे तसे करणे बरोबरच असेल.

अँड्रॉइडवर चॅनेल आखण्यात चूक झाली तर ती सहज निस्तरता येत नाही. एकदा तयार झालेल्या चॅनेलची पातळी ॲपला वर नेता येत नाही; ते फक्त वापरकर्त्याच्या हातात असते. चॅनेल पुसून त्याच आयडीने पुन्हा काढले तरी जुनीच सेटिंग परत येते. म्हणून ‘गाडी रद्द’, ‘ब्लॉक’ आणि ‘ॲपमधील बदल’ ही तीन चॅनेल पहिल्या दिवसापासून वेगळी असावीत.

ॲप उघडे असताना पुश आली तर एकच गोष्ट दोनदा दिसण्याचा धोका असतो. आयओएसमध्ये `willPresent` या पद्धतीत ॲपला त्या क्षणी निर्णय घेता येतो: प्रणालीला काही दाखवू न देता मजकूर स्वतःच्या बॅनरमध्ये घ्यावा. माणसाने बॅनर वाचला की तीच सूचना यादीतूनही काढून टाकावी.

बॅनरचा दोष बहुधा उशिरा येण्याचा असतो. पडदा उघडून यादी दिसते, बोट 8:14 च्या ओळीकडे जाते, तेवढ्यात वरून पट्टी घुसते, यादी खाली सरकते आणि बोट वरच्या गाडीवर पडते. बॅनरचा मजकूर यादीबरोबर मिळाला नाही तर तो पुढच्या वेळी पडदा उघडेल तेव्हा दाखवावा. बंद केलेला बॅनर फक्त फोनवर नोंदवला तर ॲप पुन्हा घेतल्यावर तो परत येतो. ती नोंद खात्याशी जोडावी.

निवड चुकते आहे हे सर्व्हरकडे पाहून कळत नाही. सूचना बंद केल्या तरी निरोप कुठे पोचवायचा हे सांगणारा फोनचा टोकन वैध राहतो आणि पाठवणी यशस्वी दिसते. ॲप उघडेल तेव्हा आयफोनवर `getNotificationSettings` आणि अँड्रॉइडवर `areNotificationsEnabled()` व प्रत्येक चॅनेलची पातळी तपासून ती सर्व्हरकडे पाठवावी लागते. मग प्रत्येक पुशनंतरच्या 48 तासांत किती जणांनी सूचना बंद केल्या ते निरोपागणिक मोजता येते. ज्यांनी सूचना बंद केल्या आणि ॲप परत उघडलेच नाही, ते या मोजणीत येत नाहीत, म्हणून खरा आकडा दिसतो त्याहून मोठा धरावा.