शिकलेले आहे, पण शिकल्याचे आठवत नाही : स्मृतिलोपाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

मानसशास्त्राच्या आजच्या पाठ्यपुस्तकांत दीर्घकालीन स्मृतीचे तीन प्रकार शेजारीशेजारी दिलेले असतात. स्वतःच्या आयुष्यात केव्हा, कुठे काय घडले याची प्रसंगस्मृती. ते ज्ञान कोठून आले हे न आठवताही टिकून राहणारी अर्थस्मृती, म्हणजे शब्दांचे अर्थ आणि जगाविषयीची माहिती. आणि सायकल चालवणे किंवा वाचणे यांसारख्या गोष्टी करता येण्यामागची कौशल्यस्मृती. हे तिन्ही प्रकार एकाच वेळी, एकाच विचारातून सुचले असावेत असा या मांडणीवरून समज होतो, परंतु तसे घडलेले नाही. पहिल्या दोहोंमधला भेद एन्डेल टुल्विंग यांनी 1972 मध्ये मांडला, तो प्रामुख्याने स्मृतीवरच्या तोवरच्या संशोधनाची तात्त्विक छाननी करताना. तिसऱ्या प्रकाराची वाट मात्र रुग्णांच्या तपासणीतून निघाली, आणि तीही, नवे काही आठवत नसूनही रुग्ण काही गोष्टी शिकतात, या अपवादाचा उलगडा करण्याच्या खटपटीतून.

त्या अपवादाच्या खुणा जुन्या आहेत. जिनीव्हाचे एदुआर क्लापारेद यांनी 1911 मध्ये एका स्त्री-रुग्णाची हकीकत लिहिली आहे. मद्यपानाशी निगडित अशा कोर्साकोव्ह आजारामुळे तिला नवे काहीच आठवत नसे. क्लापारेद यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. टोचल्याचा प्रसंग ती लवकरच विसरली, पण पुन्हा हात पुढे करताच तिने स्वतःचा हात मागे घेतला, आणि कारण विचारल्यावर हातात कधीकधी टाचण्या लपवलेल्या असतात, अशा अर्थाचे मोघम उत्तर दिले. ही हकीकत नेहमी सांगितली जाते. तथापि एका रुग्णावर एकदाच केलेल्या या प्रयोगातून नेमके काय शिकले गेले, भीती की एखादी धूसर आठवण, हे ठरवता येत नाही.

पद्धतशीर पुरावा मिळाला तो एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाकडून. त्यांचे नाव, हेन्री मोलेसन, 2008 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर जाहीर झाले. अपस्माराचे तीव्र झटके औषधांनी आटोक्यात येत नसल्यामुळे 1953 मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या शंखखंडांचा आतला भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा हिस्सा गेला. झटके कमी झाले, पण नव्या घटना लक्षात राहणे थांबले. एप्रिल 1955 मध्ये मॉन्ट्रिअलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी तपासले तेव्हा त्यांनी तो महिना मार्च 1953 चा आणि स्वतःचे वय 27 असल्याचे सांगितले. बुद्ध्यंक मात्र 112 होता, म्हणजे सरासरीहून अधिक. संभाषण सुसंगत होते आणि बालपणही आठवत होते.

मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चित्र गिरवण्याचे काम दिले. कागदावर दुहेरी रेषांची एक चांदणी छापलेली असते आणि दोन रेषांमधल्या अरुंद पट्टीतून पेन्सिल फिरवायची असते. कागद आणि हात मात्र थेट दिसत नाहीत, फक्त आरशात दिसतात. कोणत्याही माणसाचा हात सुरुवातीला कोपऱ्या-कोपऱ्यावर उलट दिशेला जातो आणि रेषेबाहेर पडतो. हे काम तीन दिवस करून घेण्यात आले आणि एच. एम. यांच्या चुका दिवसागणिक कमी होत गेल्या. महत्त्वाची बाब ही, की दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाची सुरुवात पहिल्या दिवसाइतक्या चुकांनी झाली नाही. रात्र मध्ये जाऊनही सुधारणा टिकून होती. आपण हे पूर्वी केले आहे याची मात्र त्यांना एकदाही कल्पना नव्हती, आणि इतके अवघड दिसणारे काम इतके बरे कसे जमले याचे त्यांना आश्चर्यच वाटले. मिल्नर यांचे हे निरीक्षण 1962 मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या निष्कर्षाला तेव्हा मिळालेले स्थान मर्यादित होते, हे आज सहज विसरले जाते. हालचालींची कौशल्ये शिकण्याची यंत्रणा वेगळी असावी आणि बाकी सर्व स्मृती एकसंध असावी, असा अर्थ लावून अनेकांनी हा विषय बाजूला ठेवला. 1968 मध्ये सुझान कॉर्किन यांनी एच. एम. हाताच्या इतर कौशल्यांतही सुधारतात हे दाखवले, पण त्याने ही चौकट मोडली नाही. ती मोडली ती हालचालींशी संबंध नसलेल्या प्रयोगांनी. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ यांनी स्मृतिलोपाच्या रुग्णांना तुटक रेषांची अपुरी चित्रे टप्प्याटप्प्याने पूर्ण करत दाखवली. तीच चित्रे पुन्हा दाखवली असता रुग्ण ती आधीच्या, अधिक अपुऱ्या टप्प्यावरच ओळखू लागले. पुढे 1980 मध्ये नील कोहेन आणि लॅरी स्क्वायर यांनी आरशातल्याप्रमाणे उलटे छापलेले शब्द वाचायला दिले. रुग्णांचा वाचनाचा वेग इतरांच्याच गतीने वाढत गेला आणि सुमारे तीन महिन्यांनीही टिकून राहिला. मात्र काही शब्द पुन्हापुन्हा येत होते, त्यांचा निरोगी माणसांना जो जादा फायदा झाला, तितका रुग्णांना झाला नाही. उलटे वाचणे त्यांना आले. काय वाचले ते राहिले नाही. कौशल्यस्मृती ही संज्ञा शब्दांत सांगता येणाऱ्या तथ्यांच्या स्मृतीच्या विरुद्ध बाजूस पक्की बसली ती या कामापासून.

माझ्या मते या सर्व इतिहासातला सर्वांत बोलका प्रयोग मात्र 1984 चा, पीटर ग्राफ, स्क्वायर आणि जॉर्ज मँडलर यांचा आहे. त्यात रुग्णांना शब्दांची यादी दाखवली आणि नंतर शब्दांची पहिली तीन अक्षरे दिली. मराठीत कल्पना करायची तर यादीत ‘मोहरी’ हा शब्द होता आणि नंतर नुसते ‘मो’ दाखवले, ज्यापासून मोर, मोती, मोजा असे अनेक शब्द होऊ शकतात. ‘यादीतला शब्द आठवून लिहा’ असे सांगितले, तर रुग्ण निरोगी माणसांपेक्षा खूप मागे पडले. ‘मनात येईल तो पहिला शब्द लिहा’ असे सांगितले, तर त्यांनी यादीतले शब्द निरोगी माणसांइतकेच लिहिले. शब्द तेच, अक्षरे तीच, बदलली ती केवळ सूचना. नुकत्याच येऊन गेलेल्या गोष्टीने पुढची प्रतिक्रिया अशी सोपी होण्याला पूर्वप्रभावन म्हणतात. ते हाताचे कौशल्य नाही आणि सवयही नाही. त्यामुळे आठवणीविना होणारे सारे शिक्षण ‘कौशल्यस्मृती’ या एकाच नावाखाली घालणे चूक ठरते, आणि पुढच्या वर्षी ग्राफ आणि डॅनियल शॅक्टर यांनी अव्यक्त स्मृती हे अधिक सैल नाव सुचवले ते याच पार्श्वभूमीवर.

अशा शिक्षणाच्या मर्यादा ई. पी. या रुग्णामुळे स्पष्ट झाल्या. 1992 मध्ये विषाणूजन्य मेंदूदाहाने त्यांच्या दोन्ही शंखखंडांच्या आतल्या भागाची मोठी हानी झाली होती. स्क्वायर यांच्या गटाने 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांच्यापुढे वस्तूंच्या आठ जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतली एकच वस्तू बरोबर असे आणि ती उचलल्यावर खालच्या बाजूने तसे समजे. आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकीत 40 निवडी. निरोगी माणसे मोजक्या बैठकांत सर्व जोड्या शिकली. ई. पी. यांना कित्येक आठवडे लागले, पण शेवटी तेही बहुतांश वेळा बरोबर वस्तू उचलू लागले, आणि तरीही प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आज काय करायचे आहे हे त्यांना सांगता येत नसे.

मग संशोधकांनी काम किंचित बदलले. सोळाही वस्तू एकत्र ठेवून त्यांतल्या बरोबर वस्तू वेगळ्या काढायला सांगितल्या. निरोगी माणसांना हे सहज जमले, कारण त्यांना कोणती वस्तू बरोबर आहे हे ठाऊक होते. ई. पी. यांची निवड मात्र जवळजवळ अंदाजपंचे झाली. पुन्हा जोड्या मांडल्या की हात बरोबर वस्तूकडे जाई. आठवडे खर्चून त्यांनी जे कमावले होते ती वस्तूंविषयीची माहिती नव्हती, तर ठरावीक मांडणीला दिलेला ठरावीक प्रतिसाद होता. एखाद्या रुग्णाने खरोखर काय शिकले हे ओळखण्याची कसोटी यातून मिळते: काम तेच ठेवून त्याचे रूप बदलावे आणि शिकलेले टिकते का ते पाहावे.

हाच ताठरपणा पुनर्वसनाच्या कामातही आढळला. 1986 मध्ये एलिझाबेथ ग्लिस्की, शॅक्टर आणि टुल्विंग यांनी रुग्णांना संगणकाशी संबंधित शब्द शिकवले. व्याख्येसोबत शब्दाची अक्षरे द्यायची आणि सरावागणिक एकेक अक्षर कमी करत न्यायचे, अशी ती पद्धत होती. रुग्ण शब्द शिकले आणि ते टिकलेही, परंतु व्याख्येची शब्दरचना बदलली की उत्तरे घसरत. पुढे 1994 मध्ये ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी दाखवले की रुग्णाला अंदाज बांधायला लावण्यापेक्षा पहिल्यापासून बरोबर उत्तर सांगितल्यास तो अधिक शिकतो. याचे कारण पूर्वप्रभावनात आहे. रुग्णाच्या तोंडून एकदा निघालेले चुकीचे उत्तर पुढच्या वेळी अधिक सहज येते, आणि ते चुकीचे होते हे त्याला सांगणारी प्रसंगस्मृती त्याच्याकडे नसते.

प्रसंगस्मृतीशिवाय अर्थस्मृती नव्याने बनू शकते का, हा वाद मात्र मिटलेला नाही. टुल्विंग यांचे रुग्ण के. सी. यांना 1981 च्या मोटारसायकल अपघातानंतर आयुष्यातला एकही प्रसंग पुन्हा अनुभवल्यासारखा आठवत नसे, पण बुद्धिबळ कसे खेळतात हे ठाऊक होते, आणि पुष्कळ पुनरावृत्तीनंतर काही नवी माहितीही ते शिकले. 1997 मध्ये फराना वर्गा-खादेम यांनी लंडनमध्ये अशी तीन तरुण माणसे तपासली, ज्यांच्या हिप्पोकॅम्पसची हानी जन्माच्या वेळी किंवा बालपणी झाली होती; रोजच्या घटना त्यांच्या लक्षात राहत नसत, तरी ती नेहमीच्या शाळांत शिकली होती आणि त्यांची भाषा व सामान्य ज्ञान बरेच चांगले होते. वर्गा-खादेम यांच्या मते हिप्पोकॅम्पसभोवतीचे बाह्यक, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, एवढ्यासाठी पुरेसे असते. स्क्वायर यांचा आक्षेप असा, की या तिघांची प्रसंगस्मृती पूर्णपणे गेलेली नसेल आणि उरलेल्या तुटपुंज्या स्मृतीच्या आधारे वर्षानुवर्षांत तेवढे ज्ञान साठले असेल. ज्या रुग्णाच्या भोवतालच्या बाह्यकाचीही मोठी हानी झाली आहे, त्या ई. पी. यांच्यासारख्या व्यक्तीला नवी तथ्ये जवळपास शिकताच आली नाहीत, ही बाब मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.