इम्प्लांट केलेल्या वेफरचं ॲनीलिंग: जंक्शनची खोली कुठे ठरते
आमच्याकडे डोपिंगसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी, अंधेरी, मुंबई

थर्मल डिफ्युजनमध्ये बोरॉन भट्टीतल्या उष्णतेने सिलिकॉनमध्ये उतरतो, आणि किती उतरणार हे तापमान आणि वेळ ठरवतात. वेळेचा परिणाम मवाळ असतो, खोली दुप्पट करायला चौपट वेळ लागतो. तापमान मात्र फार नाजूक. १०५० अंश सेल्सियसच्या आसपास भट्टी १० अंश चुकली, तर खोली सुमारे ११ टक्के बदलते. खोल जंक्शनला हे चालतं, उथळ जंक्शनला नाही.

आयन इम्प्लांटेशनमध्ये खोली ऊर्जेवर ठरते. ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा बोरॉन सरासरी ०.१६ मायक्रॉनवर थांबतो. पण थांबेपर्यंत तो स्फटिक विस्कटून टाकतो, आणि बहुतेक बोरॉन जाळीतल्या जागेवर नसल्याने वीज वाहायला उपयोगी पडत नाही. म्हणून ॲनीलिंग लागतं, आणि तिथेच ठरलेली खोली पुन्हा सरकते.

एक हिशेब दाखवतो. ५ ओहम-सेंटिमीटरचा एन-टाइप वेफर आहे, त्यात ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टने दर चौरस सेंटिमीटरला १० लाख अब्ज बोरॉन अणू घातले आहेत. ॲनीलिंगआधी जंक्शन साधारण ०.४ मायक्रॉनवर पडतं. हाच वेफर १००० अंशांवर अर्धा तास ठेवला, तर साध्या डिफ्युजनच्या हिशेबानेच ते ०.५५ मायक्रॉनच्या पुढे जातं. १० सेकंदांच्या झटपट ॲनीलिंगमध्ये हा साधा फैलाव जवळजवळ नगण्य असतो.

इथे बरेच ग्राहक विचारतात, "मग ७५० अंशांवर सावकाश करा ना, कमी सरकेल." सरकत नाही असं नाही! इम्प्लांटने जागेवरून उडवलेले सिलिकॉनचे अणू मोकळे फिरतात आणि बोरॉनला ढकलत नेतात. कमी तापमानात हे अणू पुन्हा जागी बसायला वेळ घेतात, म्हणून ढकलणं लांबतं. उथळ जंक्शनला जास्त तापमान आणि थोडा वेळ हाच मार्ग आम्ही सुचवतो. तरीही हे ढकलणं पूर्ण टळत नाही, म्हणून आधी एक चाचणी वेफर द्या.

चार सुयांच्या प्रोबवर शीट रेझिस्टन्स बरोबर आला म्हणून खोलीही बरोबर आली असं समजू नका. अणूंची संख्या तीच राहते, त्यामुळे खोली सरकली तरी तो आकडा फारसा हलत नाही. चाचणी वेफरची कड तिरपी घासून, डाग देऊन जंक्शन मोजावं लागतं.

वेफरवर इम्प्लांटच्या वेळचा फोटोरेझिस्ट राहिला असेल तर तो वरून कडक झालेला असतो, नेहमीच्या द्रावणाने सुटत नाही. आणण्याआधी तो पूर्ण काढा, नाहीतर तो भट्टीत जळून ट्यूब खराब करतो आणि आम्हाला बॅच परत करावी लागते. वेफरच्या डब्यावर ऊर्जा, मात्रा आणि झुकाव लिहा. झुकाव सहसा ७ अंश असतो. तो ० असेल, तर स्फटिकाच्या सरळ वाटांतून थोडे अणू आधीच खोल गेलेले असतात, आणि वरचा ०.४ चा आकडा तिथे लागू होत नाही.