पत्रकातली शेवटची ओळ बातमीत पहिली का येते

रब्बी तोंडावर आली की मराठवाड्यातल्या दैनिकांच्या डेस्कवर एक पत्रक हमखास येतं. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली, अध्यक्षस्थानी मंत्री होते, व्यासपीठावर कोण होतं, कोण काय बोललं. मग जायकवाडीतला पाणीसाठा. आणि अगदी तळाशी, आवर्तन कधी सुटणार आणि पाणी अर्ज कधीपर्यंत द्यायचे.

हा क्रम इतिवृत्ताचा आहे: आधी मान, मग चर्चा, शेवटी निर्णय. कार्यालयाच्या दृष्टीने तो बरोबरच. बातमीचा क्रम मात्र वेगळ्या गरजेतून आला.

एकोणिसाव्या शतकात वृत्तपत्रंही घटना घडली त्या क्रमानेच सांगत. तारयंत्र आलं तेव्हा शब्दागणिक पैसे पडू लागले आणि लाइन मध्येच तुटायची भीती असे, म्हणून मुख्य गोष्ट आधी पाठवणं शहाणपणाचं ठरलं. पण एका तारेने सवय बदलली नाही. अमेरिकेतही ही रचना रुळायला शतक संपत आलं. पत्रकाची प्रथा त्यानंतरची. १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळच्या रेल्वे अपघातानंतर आयव्ही ली यांनी रेल्वे कंपनीच्या वतीने वृत्तपत्रांना निवेदन दिलं, ते सहसा पहिलं आधुनिक पत्रक मानतात. तेव्हापासून मजकूर पाठवणाऱ्याचा आणि क्रम छापणाऱ्याचा, अशी ओढाताण सुरू आहे.

खिळ्यांच्या छपाईने हा क्रम पक्का केला. पान लावताना जागा कमी पडली की जुळवलेल्या मजकुराच्या खालच्या ओळी काढून टाकणं सर्वांत सोपं. आपलं पत्रक तसंच जुळवलं असतं, तर पहिली कात्री अर्जाच्या तारखेलाच लागली असती.

समजा, पत्रकात आवर्तन २० नोव्हेंबरला आणि अर्जाची मुदत १५ पर्यंत आहे. मग बातमी अशी होते:

‘पैठण डाव्या कालव्याच्या रब्बी आवर्तनासाठी शेतकऱ्यांनी नमुना क्रमांक ७ चे अर्ज १५ नोव्हेंबरपर्यंत शाखा कार्यालयात द्यावेत, असे आवाहन जलसंपदा विभागाने केले आहे. पाणी २० नोव्हेंबरला सोडण्यात येणार आहे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत हा निर्णय झाला.’

मुदत मी मुद्दाम आवर्तनाच्या आधी घेतली. ती चुकली तर पाणी कधी सुटणार हे कळून शेतकऱ्याच्या हाती काय लागणार? आता शेवटचं वाक्य झाका: बातमी उभी राहते. त्याच्या वरचं झाका: तरीही अर्ज देता येतो.

कापताना दोन गोष्टी हमखास निसटतात. एक, ‘विभागाने केले आहे’ हे गेलं की आवाहन वृत्तपत्राचं वाटतं. दुसरी, पत्रकातला ‘येत्या सोमवारी’ तसाच राहतो आणि अंक मंगळवारी छापला जातो. म्हणून वार आला की पत्रकावरची तारीख पाहायची, कॅलेंडर उघडायचं आणि बातमीत तारीखच लिहायची.