साडीतल्या फोटोला योगाचा पोशाख: अंगकाठी तुमचीच राहावी म्हणून

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या स्टुडिओत फोटोतले कपडे बदलून मागणारी मंडळी आता रोज येतात. कुणाला मुलाच्या अंगावर क्रिकेटची जर्सी हवी असते, कुणाला योगवर्गाच्या फलकासाठी स्वतःचा योगाच्या पोशाखातला फोटो. एआयच्या मदतीने कपडे बदलायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो कपड्यांच्या आतला माणूस तोच ठेवण्यात. काम देण्याआधी हे पत्रक वाचलंत तर फोटो कसा द्यायचा आणि आम्ही दिलेलं काम कसं तपासायचं, दोन्ही कळेल.

आधी अडचण कुठे आहे ते सांगतो. घट्ट टी-शर्टवर सैल जर्सी चढवणं सोपं, कारण अंग फोटोत दिसतंच आहे. साडीच्या जागी अंगाबरोबर बसणारा योगाचा टॉप आणि लेगिंग्ज घालायची म्हटलं की गोष्ट उलटी होते. पदराने एक खांदा आणि कंबर झाकलेली असते, निऱ्यांमागे दोन्ही पाय लपलेले असतात, आणि साडीची बाहेरची कड अंगाच्या कडेपेक्षा बरीच पुढे असते. म्हणजे जे दाखवायचं तेच फोटोत नाही. मग एआय अंदाज बांधतं, आणि योगाच्या पोशाखातले जे असंख्य फोटो त्याने पाहिलेले असतात ते बहुतेक सडपातळ, तरुण मॉडेलांचे असतात. त्यामुळे अंदाज त्याच बाजूला झुकतो.

माधवनगरच्या एका काकूंचं काम इथे पूर्ण सांगतो, त्यांच्या परवानगीने. वय ५२, उंची १५५ सेंटिमीटर. घरासमोर साडीत, अनवाणी, सरळ उभ्या असलेल्या फोटोवरून त्यांना गडद निळा योगाचा पोशाख हवा होता. पहिल्या प्रयत्नात आम्ही सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं: फक्त कपडे बदल, शरीराची कड, उभं राहण्याची ढब, चेहरा, हात आणि मागचं दृश्य तसंच ठेव. जे चित्र आलं ते पाहून काकू म्हणाल्या, "अहो, चेहरा माझा आहे, पण ही मी नव्हे." त्यांचं बरोबर होतं. चूक कुठे आहे हे मात्र नुसत्या नजरेने सांगता येईना, म्हणून आम्ही मोजायला घेतलं.

मोजणी साधी आहे. डोक्यापासून तळव्यापर्यंत काकूंची आकृती फोटोत २३२५ पिक्सेल भरत होती. २३२५ ला १५५ ने भागलं की एका सेंटिमीटरला १५ पिक्सेल पडतात. ही झाली त्या फोटोची पट्टी. आता खरी मापं हवीत. शिंप्याची टेप कमरेभोवतीचा घेर सांगते. समोरून काढलेल्या फोटोत दिसते ती रुंदी. म्हणून रुंदी वेगळी घ्यायची. भिंतीला पाठ लावून सरळ उभं राहायचं, घरातल्या कुणीतरी कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड वही भिंतीला काटकोनात टेकवून अंगाला हलकी लावायची, आणि माणूस बाजूला झाला की दोन वह्यांमधलं अंतर मोजायचं. काकूंच्या सुनेने हे पाच मिनिटांत केलं. खांदे ३८, कंबर ३३ आणि नितंब ३७ सेंटिमीटर. शिवाय जिथे दोन पाय सुटतात तिथपासून जमिनीपर्यंतची उंची ७२ सेंटिमीटर.

ही मापं फोटोच्या पट्टीवर मांडली. कंबर ४९५ पिक्सेल असायला हवी होती, एआयने ४०५ केली होती, म्हणजे ३३ ची २७ सेंटिमीटर. त्याहून फसवी चूक पायांत होती. पाय सुटण्याची जागा जमिनीपासून १०८० पिक्सेलवर हवी होती, ती १२०० वर गेली होती. एकूण उंची तेवढीच, पण पाय आठ सेंटिमीटर लांब आणि धड तेवढंच आखूड. अशा चित्रात कुठलाच एक भाग वेडावाकडा दिसत नाही. नुसतं माणूस परकं वाटतं, आणि फोटो पाहणाऱ्या शेजारणीलाही ते जाणवतं.

हे दुरुस्त करायला सूचना आणखी कडक शब्दांत लिहून उपयोग होत नाही, हे आम्ही करून पाहिलं आहे. साडीचा सगळा भाग निवडून एआयला दिला की त्या जागेत काय भरायचं ते तेच ठरवतं. म्हणून आम्ही आता क्रम बदलला आहे. आधी मूळ फोटोवर खांद्यांची टोकं, कोपरं, कंबर, पाय सुटण्याची जागा, गुडघे आणि घोटे यांच्या खुणा मोजलेल्या जागी करतो. त्या जोडून सपाट राखाडी रंगाची आकृती हाताने काढतो. मग त्या आकृतीबाहेर उरलेला साडीचा भाग काढून तिथली भिंत, फरशी भरून घेतो. सगळ्यात शेवटी फक्त राखाडी आकृतीच्या आतच कापड चढवायला सांगतो. कापडाचा पोत, शिवण, चुण्या एआयने कराव्यात. कड आम्ही आखलेलीच राहते. चेहरा, गळा, हात आणि पावलं मूळ फोटोतून जशीच्या तशी वर ठेवतो.

काकूंच्या फोटोत दोन गोष्टी आणखी राहिल्या होत्या. ब्लाउजच्या बाहीखाली दिसणारा दंड मूळचा होता, पण नवी बाही बारीक हातावर बेतलेली आली, त्यामुळे बाही संपते तिथे हाताला पायरी पडली. अशी पायरी दिसली की समजावं, आतला हात बारीक केला गेला आहे. दुसरी गोष्ट सावलीची. अंगावर लेगिंग्ज, आणि फरशीवर सावली मात्र साडीच्या घेराची. तीही बदलावी लागली. लेगिंग्जचा पट्टा कुठे येतो हेही आम्ही काकूंना विचारून ठरवलं, कारण पट्टा बेंबीच्या वर घेतला की पाय लांब असल्याचा भास होतो, मापं बरोबर असली तरी.

तयार फोटो हातात आल्यावर तुम्ही दोन्ही फोटो मोबाइलवर एकामागोमाग ठेवून बोटाने पुढे-मागे सरकवा. डोकं, हात, पावलं जागची हलता कामा नयेत. उडी मारल्यासारखं दिसलं तर परत पाठवा. आम्ही स्वतः मूळ आणि नवं चित्र एकावर एक ठेवून डिफरन्स मोडमध्ये पाहतो. त्यात जे बदललं नाही ते काळं दिसतं. चेहऱ्याच्या किंवा बोटांच्या कडेला उजळ रेघ दिसली तर तिथे काहीतरी सरकलेलं असतं.

आता जर्सीबद्दल. जर्सी सैल असते, म्हणून कमरेचा प्रश्न फारसा येत नाही. घोटाळा होतो तो खांद्यांत. साध्या बाहीची शिवण खांद्याच्या टोकावर बसायला हवी. एआय ती दंडावर उतरवून खांदे भरदार करतं. बाहीची शिवण गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी जाणारी असेल तर खांद्याचं टोक शिवणीवरून कळत नाही, तिथे मूळ फोटोवरची खूणच पाहावी लागते. लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट असते, आठ-नऊ वर्षांच्या मुलाची सहा ते साडेसहापट. जर्सी म्हटलं की एआयसमोर मोठा खेळाडू येतो, आणि मग मुलाचं डोकं लहान, मान लांब, छाती रुंद होते. मूल दिसायचं सोडून छोटा पुरुष दिसायला लागतो. पालकांनी सगळ्यात आधी डोकं आणि खांदे यांचं प्रमाण मूळ फोटोशी ताडून पाहावं.

सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांच्या आणि इथेच वाढलेल्या स्मृती मानधनाच्या गावात जर्सीची हौस असणारच. मुलींना पाठीवर स्मृतीचा १८ नंबर हवा असतो, तो आम्ही आनंदाने घालतो. संघाचं अधिकृत बोधचिन्ह आणि प्रायोजकांची नावं मात्र घालत नाही. नंबर हवा असेल तर पाठमोरा फोटो द्या. समोरच्या फोटोवरून पाठ तयार करणं म्हणजे न पाहिलेलं अंग कल्पनेने रचणं, ते आम्ही करत नाही.

उभ्या फोटोवरून वृक्षासन किंवा वीरभद्रासनातला फोटोही आम्ही करून देत नाही. गुडघा वाकला की मांडीचा आकार बदलतो, खुब्याचा सांधा फिरतो, आणि मोजायला काहीच उरत नाही. आसनाचा फोटो त्या आसनातच काढलेला हवा. आणि योगाचा पोशाख घरी असेल तर तो घालूनच फोटो काढा. आमच्या कोणत्याही कामापेक्षा तो खरा असेल.

फोटो काढताना मोबाइल साधारण दहा फुटांवर आणि काढणाऱ्याच्या डोळ्यांपाशी नाही, तर तुमच्या कमरेच्या उंचीवर सरळ धरा. जवळून आणि वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय आखूड येतात. मग वर सांगितलेली पट्टी डोक्याशी एक आणि पायाशी दुसरी होते, आणि ती चूक नंतर नीट निघत नाही. ०.५ची रुंद लेन्स वापरू नका. २एक्स असेल तर ती घ्या. हात अंगापासून थोडे सुटे ठेवा, साडी घोट्याच्या वर घ्या म्हणजे पावलं दिसतील. जमलं तर सलवार न घेता अंगाबरोबर बसणाऱ्या कुर्त्यात आणि चुडीदारमध्ये त्याच जागी आणखी एक फोटो काढा. अंगाची कड त्यात दिसते आणि आमचं निम्मं मोजमाप वाचतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि कडा पुसट होतात.

"जरा बारीक करा ना" अशी विनंती वरचेवर येते. स्वतःच्या घरी लावायच्या फोटोसाठी तुमची मर्जी आम्ही ऐकून घेऊ. योगवर्गाच्या किंवा जिमच्या जाहिरातीसाठी, 'आधी' आणि 'नंतर' म्हणून लावायचा फोटो असेल तर कमरेचा एक पिक्सेलही आम्ही कमी करणार नाही, कारण तो पाहून लोक फी भरतात. आणि फोटो ज्याचा आहे त्याने स्वतः काम द्यायला यावं, लहान मुलाचं काम आई-वडिलांनी द्यावं. दुसऱ्या कुणाच्या फोटोतले कपडे बदलून आम्ही देत नाही, मग तो मैत्रिणीचा असो की बायकोचा. काकूंनी होकार दिल्यावर त्यांचा फलक छापायला गेला. त्यांची मापं लिहिलेला कागद त्याच दिवशी त्यांना परत दिला.