पंचम स्थान, गुरू आणि संततीचा काळ: नियम आले कुठून, काळ हुकतो कुठे

पत्रिका पुढे ठेवून "मूल कधी होईल?" असं विचारलं की ज्योतिषी आधी पंचम स्थान पाहतो, मग त्याचा स्वामी, मग गुरू. आज हे सगळं एकच शास्त्र वाटतं. प्रत्यक्षात हे थर वेगवेगळ्या काळात एकमेकांवर चढले आहेत.

दुसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा टॉलेमी संततीसाठी दशम आणि एकादश स्थान पाहतो. तिथे ग्रह नसतील तर त्यांच्या समोरची, म्हणजे चौथं आणि पाचवं. संतती देणारे ग्रह म्हणून तो चंद्र, गुरू आणि शुक्र यांची नावं घेतो. त्याच शतकातल्या वेटियस वॅलेन्सनेही अपत्यप्राप्ती गुरूकडेच सोपवली आहे. म्हणजे गुरूचं नातं जुनं आणि पक्कं, स्थान मात्र डळमळीत. सहाव्या शतकात वराहमिहिर बृहज्जातकात पाचव्या भावाला थेट 'पुत्र' म्हणतो आणि आपल्याकडे तो प्रश्न मिटतो. पुढे फलदीपिकेसारख्या ग्रंथांत गुरू पंचमाचा कारक, म्हणजे संततीचं फळ दाखवणारा ग्रह, म्हणून ठरून जातो. तिथेच प्रजननक्षमता पाहण्यासाठी पुरुषाचं बीजस्फुट आणि स्त्रीचं क्षेत्रस्फुट हे बिंदू गणिताने काढण्याची रीत येते. गणित दोघांचं करायचं आहे, हे लक्षात घ्यावं; फक्त सुनेची पत्रिका घेऊन येणाऱ्या घरांना ज्योतिषांनी हे आवर्जून सांगायला हवं.

काळ ठरवण्याचा भाग वेगळाच. आज सर्रास वापरली जाणारी विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्याची वर्षं ग्रहांना क्रमाने वाटून देणारी पद्धत, बृहज्जातकात नाही. वराहमिहिराची दशापद्धती दुसरी आहे. १२० वर्षांची नक्षत्रदशा रूढ झाल्यावर पंचमेशाची, म्हणजे पंचमाच्या स्वामीची, किंवा गुरूची दशा व तिच्या पोटातली अंतर्दशा आणि त्याच वेळी गुरूचं गोचर, म्हणजे आकाशातलं त्या वेळचं भ्रमण, अशी जोडी जमली.

ही जोडी का लागते, ते एका कल्पित पत्रिकेवरून कळेल. कर्क लग्न, पंचमात वृश्चिक रास. पंचमेश मंगळ मीनेत, गुरू वृषभेच्या मध्यावर, चंद्र मेषेत २० अंशांवर. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो आणि स्वतःपासून पाचवी, सातवी आणि नववी रास पाहतो. त्यामुळे वृश्चिकेत असणं किंवा तिला पाहणं हे बारापैकी चार राशींतून घडतं. पंचमेश मंगळावरची दृष्टी धरली तर पाच राशी होतात. चंद्रापासूनचं पंचम, म्हणजे सिंह, तेही मोजलं की नऊ! बारा वर्षांतली नऊ वर्षं 'अनुकूल' निघत असतील तर नुसत्या गोचरावरून सांगितलेल्या भाकिताला काही वजन उरत नाही. "गुरुबदल झाला, आता होईल" हे वाक्य म्हणूनच जपून ऐकावं.

निवड करते ती दशा. या पत्रिकेत चंद्र भरणी नक्षत्राच्या बरोबर मध्यावर आहे. भरणीत सुरुवात शुक्राच्या दशेने होते, म्हणून तिच्या २० वर्षांपैकी १० उरतात. पुढे रवीची ६ आणि चंद्राची १०, की वयाच्या २६व्या वर्षी पंचमेश मंगळाची महादशा लागते. तिच्यात गुरूची अंतर्दशा साधारण साडेसत्तावीस ते जवळपास साडेअठ्ठावीस वयात येते, अकरा महिन्यांची. त्या सुमारास गोचरीचा गुरू बराच काळ कन्येत असतो आणि समोरच्या मीनेतल्या मंगळाला पाहतो. परंपरेच्या हिशोबाने हाच काळ.

आता हा हिशोब किती नाजूक आहे ते पाहू. जन्मवेळ एक तासाने चुकली तर चंद्र अर्ध्या अंशाहून थोडा अधिक सरकतो आणि शुक्रदशेत दहा महिन्यांचा फरक पडतो. अकरा महिन्यांची अंतर्दशा जवळपास निसटलीच. लग्नही बदलू शकतं, आणि मग पंचमच दुसरं!

त्याहून मोठा फरक अयनांशाचा, म्हणजे राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंशांवर धरायचा याचा, आणि हा वाद तर आपल्याच घरचा. लोकमान्य टिळकांनी रेवती ताऱ्यावरून आरंभ धरणारा रैवत पक्ष उचलून धरला, व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्यावरून धरणारा चित्रा पक्ष. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५च्या अहवालात चित्रा पक्षाचा अयनांश स्वीकारला, तरी टिळक पंचांग आजही रैवत पक्षाचं आहे. दोन्हींत सुमारे ४ अंशांचं अंतर आहे. वरच्या पत्रिकेतला चंद्र चित्रा पक्षाने २० अंशांवर असेल, तर रैवत पक्षाने २४वर जातो. शुक्राची उरलेली वर्षं १० ऐवजी ४ होतात आणि मंगळाची महादशा २६ऐवजी २०व्या वर्षी सुरू होते. एकच मुलगी, एकच जन्मवेळ, आणि सांगितलेल्या काळात सहा वर्षांचा फरक.

अशा अंतर्दशेची वाट पाहत उपचार लांबवणं मला फार चिंतेचं वाटतं. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, किंवा पस्तिशीनंतर सहा महिन्यांत राहिला नाही, तर दोघांनीही डॉक्टरांकडे तपासणी करावी. दशा कुठलीही असो. आणि कोणी काळ सांगितलाच, तर तो कोणत्या अयनांशावर आणि किती खात्रीच्या जन्मवेळेवर काढला, हे आधी विचारावं. दोन ज्योतिषांची उत्तरं जुळत नसतील तर बहुतेकदा कारण इथेच सापडतं.